रक्त आलं कुठून? गुऱ्हाळावरच्या एका कुत्र्याचं शवविच्छेदन

जानेवारीतल्या एका सकाळी करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळाचे एक मालक आपला कुत्रा पोत्यात गुंडाळून दवाखान्यात घेऊन आले. देशी नर, वय तीन वर्षांच्या आसपास, वजन १८ किलो. रात्री अकराला कामगारांनी त्याला हिंडताना पाहिलं होतं. पहाटे चुलवाण पेटवायला माणसं उठली तेव्हा तो चिपाडाच्या गंजीजवळ मरून पडलेला होता. मालकांचं मत पक्कं झालेलं होतं. “मॅडम, शेजारच्यानंच इख घातलंय बघा. मटणातनं दिलंय. पोट फाडून तेवढं काढून दावा.”

त्या दिवशी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे दोन इंटर्न माझ्याकडे होते. त्यांच्यासोबत केलेलं हे शवविच्छेदन जसं झालं तसं सांगते, कारण कुठला अवयव कधी उघडायचा आणि कशाचा नमुना कधी घ्यायचा, हे या एका प्रकरणात फार स्वच्छ दिसतं. मालकांना पोट आधी फाडून हवं होतं आणि आम्ही जठर जवळजवळ शेवटी उघडलं.

सुरी हातात घेण्याआधी दोन गोष्टी उरकल्या. पहिली कायद्याची. जनावर मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. मालकांना तक्रार करायची असेल तर आधी पोलिसांत जायचं, त्यांच्या पत्रावर सरकारी पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतात आणि नमुने सीलबंद होऊन पोलिसांमार्फतच न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. खासगी दवाखान्यात एकदा शरीर उघडलं की तो पुरावा कमकुवत होतो. हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. थोडा विचार करून ते म्हणाले, “केस नको मॅडम. पण घरात अजून एक कुत्री हाय. तिला काय हुईल ते आधी कळू द्या.” तशी लेखी संमती घेतली, कुत्र्याचे चारही बाजूंनी फोटो काढले.

दुसरी गोष्ट हकिगत. शवविच्छेदनातली निम्मी उत्तरं इथे मिळतात, म्हणून घाई करायची नाही. खाणं कधीपासून कमी झालं? उलटी, जुलाब, लघवीचा रंग? गोचीड? लस? गाडीचा धक्का? जागेवर उंदराचं औषध, फवारणीचं औषध, थिमेटसारखी दाणेदार कीटकनाशकं? इतर कुणी जनावर आजारी? उत्तरांतून एवढं निघालं की कुत्रा दोन दिवस मलूल होता, थोडा खोकत होता आणि पुढचा उजवा पाय टेकत नव्हता. उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागला असेल असं कामगारांना वाटलं होतं. रेबीजची लस वेळेवर झालेली होती. वागण्यात बदल, लाळ गळणं, कुणाला चावणं यातलं काहीच नव्हतं. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे कुत्र्याच्या बाबतीत कधीच सोडायचा नाही. रेबीजचा संशय असेल तर सगळं शरीर उघडायचंच नाही. डोकं किंवा मेंदूचा नमुना तेवढा, पूर्ण संरक्षण घालून, बर्फावर प्रयोगशाळेकडे पाठवायचा. माझ्या दोन्ही इंटर्नची प्रतिबंधक रेबीज लस झालेली आहे याची खात्री करूनच मी त्यांना टेबलाशी उभं केलं. दुहेरी हातमोजे, मास्क, चष्मा, रबरी एप्रन आणि गमबूट सगळ्यांना होते.

विद्यार्थ्यांची धावपळ होते ती बाटल्यांपाशी. अवयव हातात आल्यावर बाटली शोधायची नाही. आम्ही सुरुवातीलाच सगळ्या बाटल्यांवर प्रकरण क्रमांक, तारीख आणि नमुन्याचं नाव लिहून त्या ओळीनं मांडल्या. लेबल बाटलीच्या अंगावर लावायचं, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलली जातात. पेशींच्या तपासणीसाठी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन लागतं. बाजारातलं फॉर्मलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, त्यात मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायबेसिक सोडियम फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. बाटली रुंद तोंडाचीच घ्यायची. मऊ तुकडा अरुंद तोंडातून आत जातो, पण फॉर्मलिनमध्ये कडक झाल्यावर तो बाहेर येत नाही. तुकड्याच्या दहापट फॉर्मलिन हवं आणि तुकड्याची जाडी एक सेंटीमीटरच्या आत, शक्यतो अर्धा सेंटीमीटर. अख्खी किडनी बरणीत टाकली तर बाहेरचा थर टिकतो आणि आतला भाग कुजतो.

शव ताजं होतं, मृत्यू होऊन काही तासच झाले होते. अंग पूर्ण ताठलेलं होतं. लगेच जमणार नसेल तर शव फ्रिजमध्ये ठेवायचं, डीप फ्रीझरमध्ये नको. गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मग फाटलेल्या पेशीच दिसतात.

बाहेरून पाहताना पहिली नजर हिरड्यांवर गेली. त्या पांढऱ्याफटक होत्या आणि त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. डोळ्याच्या आतल्या पापणीवरही तसेच ठिपके. एका नाकपुडीत सुकलेलं रक्त होतं. उजव्या कोपराचा सांधा सुजलेला होता. कातडीवर खरचटलेलं कुठेच नव्हतं आणि नखं शाबूत होती. गाडीखाली घासटलेल्या कुत्र्याची नखं बहुतेक वेळा झिजलेली, तुटलेली सापडतात, म्हणून ती प्रत्येक पायाची बघायची. तोंडाभोवतीचे आणि चारही पायांचे केस आम्ही भादरले. उसाच्या फडात घोणस असते. घोणशीचं विष रक्त गोठण्याची ताकद संपवतं, त्यामुळे असंच रक्तस्रावाचं चित्र दिसू शकतं. पण दंशाच्या जागी सूज आणि काळंनिळं पडलेलं मांस सापडायला हवं. इथे दाताच्या खुणा नव्हत्या.

एवढ्यावर आम्ही वहीत पाच शक्यता लिहिल्या: ट्रॉलीचा मार, घोणस, गोचीडतापामुळे कमी झालेल्या प्लेटलेट, छातीतली एखादी गाठ किंवा मोठी रक्तवाहिनी फुटणं आणि रक्त गोठू न देणारं उंदराचं औषध. पुढचा प्रत्येक छेद यातली एकेक शक्यता तपासत जाणार होता.

रवंथ करणारं जनावर डाव्या कुशीवर ठेवतात. कुत्रा, मांजर, ससा यांना उताणं ठेवणं सोयीचं. अंगावर साबणाचं पाणी ओतून केस भिजवले, म्हणजे ते उडून नमुन्यांत पडत नाहीत. काखेतले स्नायू कापून पुढचे पाय बाहेरच्या बाजूला पाडले, मागच्या पायांचे खुब्याचे सांधे उघडून तेही पसरले. शव मग आधाराशिवाय स्थिर राहतं. हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत मधोमध कातडी कापली, लिंगाच्या बाजूनं वळसा घातला आणि कातडी दोन्हीकडे सोलत नेली.

सोललेल्या कातडीची आतली बाजू फार बोलकी असते आणि ती न बघताच बरेच जण पुढे जातात. बाहेरून काहीच दिसत नव्हतं तिथे, मानेखाली आणि दोन्ही काखांत, तळहाताएवढे रक्ताचे थर होते. वरच्या कातडीला ओरखडा नव्हता. म्हणजे मोठा मार लागलेला नसताना, उठताबसताना बसणाऱ्या साध्या दाबानंही रक्त सुटत होतं. उजव्या कोपराचा सांधा उघडला तर आत पातळ रक्त भरलेलं. लंगडण्याचं कारण तिथेच सापडलं. घोणशीच्या दंशात दिसणारी पाणचट, रक्ताळ सूज मात्र कातडीखाली कुठेच नव्हती.

मग पोट उघडलं. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकामागे स्नायू चिमटीत धरून वर उचलायचे, छोटा छेद घ्यायचा, त्यातून दोन बोटं आत घालून आतडी खाली दाबून ठेवायची आणि बोटांच्या मधून कात्री पुढे न्यायची. नंतर बरगड्यांच्या कडेनं दोन्हीकडे कापलं की पोटाची भिंत पुस्तकाच्या पानासारखी उघडते. इथे हात बांधून नुसतं बघायचं. अवयव जागच्या जागी आहेत का, पाणी किंवा रक्त किती, रंग काय? पोटात रक्त थोडंच, दोन चमचे असेल. यकृत आणि प्लीहा फाटलेली नव्हती.

आता श्वासपटल. निरोगी छातीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. पोटाच्या बाजूनं श्वासपटलाला सुरीच्या टोकानं छोटं छिद्र पाडलं की हवा आत ओढल्याचा आवाज येतो आणि ताणलेला पडदा सैल पडतो. ही परीक्षा बरगड्या कापण्याआधीच करता येते, नंतर नाही. आमच्या कुत्र्यात पडदा आधीच पोटाकडे फुगलेला होता आणि त्यातून निळसर सावली दिसत होती. त्यामुळे छिद्र पाडण्याआधी आम्ही निर्जंतुक सिरिंजनं आतला द्रव काढला. तो रक्तच होतं. एक भाग स्वच्छ बाटलीत आणि थोडं ईडीटीए नळीत ठेवलं. नंतर पडदा उघडून उरलेलं सगळं पळीनं मोजपात्रात काढलं. एकूण सुमारे ७०० मिली भरलं.

हा आकडा मोजूनच लिहायचा. “छातीत भरपूर रक्त” या वाक्याचा वाचणाऱ्याला काही उपयोग नाही. कुत्र्याच्या अंगात दर किलोमागे ८५ मिलीच्या आसपास रक्त असतं. १८ किलोला ते दीड लिटर होतं. म्हणजे जवळजवळ निम्मं रक्त छातीत होतं आणि त्या दाबाखाली फुफ्फुसं फुलूच शकत नव्हती. एवढं मृत्यूला पुरेसं आहे.

एक इंटर्न म्हणाला, “मॅडम, रक्त गोठलेलं नाही. म्हणजे उंदराचंच औषध ना?” त्याचा तर्क समजण्यासारखा होता, पण एवढ्यावर थांबता येत नाही. छातीत किंवा पोटात साठलेल्या रक्तातलं, गुठळी बांधणारं फायब्रिन तिथल्या हालचालीनं निघून जातं, त्यामुळे कोणत्याही कारणानं तिथे जमलेलं रक्त पातळ राहू शकतं. गोठण्याचा प्रश्न हृदयाला आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना विचारायचा. बरगड्या हाड आणि कूर्चेच्या सांध्यावर कापून छातीचं झाकण उचललं. बरगड्या मोडलेल्या नव्हत्या, मारामुळे होणारं कुठलंच फाटणं नव्हतं. जंतुतपासणीसाठी प्लीहा आणि फुफ्फुसाचा पृष्ठभाग तापवलेल्या सुरीनं भाजून, तिथे टोचून स्वाब घेतले. हे आतड्याला हात लागण्याच्या आधीच व्हायला हवं.

नंतर जिभेपासून सुरुवात करून छातीतले अवयव एकत्र काढले. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेनं दोन्ही बाजूंना कापून जीभ खाली ओढायची, कंठास्थीचे सांधे कापायचे आणि श्वासनलिका, अन्ननलिका, थायरॉइड, फुफ्फुसं, हृदय हे सगळं एकाच गुच्छात मागे ओढत श्वासपटलापर्यंत आणायचं. तिथे अन्ननलिकेला दोन ठिकाणी दोरा बांधून मधे कापायचं. न बांधता कापलं तर जठरातलं सगळं छातीत येतं आणि विषतपासणीचा नमुना वाया जातो.

दोन फुफ्फुसांच्या मधल्या भागात, जिथे थायमसचे अवशेष असतात, तिथे रक्ताचा जाड थर होता. खोकल्याचं कारण बहुधा तेच, कारण श्वासनलिका त्याखाली दबलेली होती. एक फुफ्फुस दुसऱ्यापेक्षा गडद दिसलं, पण कुत्रा त्या कुशीवर पडून होता. मेल्यानंतर रक्त खालच्या बाजूला उतरतं, त्याला आजार समजायचं नाही. दाबून बघितलं, तुकडा पाण्यात टाकला, तो तरंगला.

आता रक्ताचा उगम. आपल्या भागातल्या मोकाट किंवा अर्धमोकाट कुत्र्यांत स्पायरोसर्का ल्युपी नावाचा जंत सापडतो. त्याच्या अळ्या महाधमनीच्या भिंतीतून प्रवास करून अन्ननलिकेत गाठी करतात. त्या प्रवासात महाधमनीची भिंत कमजोर होऊन फुटली तर तरणा कुत्रा क्षणात मरतो आणि छाती रक्तानं भरते. म्हणून महाधमनी पूर्ण लांबीत कापून आतून बोट फिरवलं. ती गुळगुळीत होती, खड्डा नाही, फुगा नाही. अन्ननलिकाही उभी कापली, गाठ नव्हती. हृदय रक्त वाहतं त्याच दिशेनं उघडायचं: आधी उजवी कर्णिका, उजवी जवनिका, फुफ्फुसाची धमनी, मग डावी बाजू. उजव्या कर्णिकेवर रक्तवाहिन्यांची गाठ होते आणि ती फुटू शकते, म्हणून ती बघितली. तिथे काही नव्हतं. झडपा चांगल्या होत्या. पण उजव्या कप्प्यात एरवी हमखास सापडणारी रक्ताची गुठळी नव्हती. थोडंसं फिकं, पातळ रक्त होतं, काही तास उलटूनही न गोठलेलं. एकच फुटलेली जागा कुठे नाही, रक्त मात्र कातडीखाली, सांध्यात, हिरडीत, छातीत. बिघाड वाहिनीत नसून रक्ताच्या गोठण्यात होता.

पोटातले अवयव काढताना पहिल्यांदा अधिवृक्क ग्रंथी शोधायच्या. किडनीच्या आतल्या बाजूला, चरबीत, त्या लहानशा असतात आणि बाकीचं काढलं की सापडत नाहीत. मग प्लीहा. ती लहान आणि आकसलेली होती. गोचीडतापात सहसा मोठी, फुगीर मिळते. तरी कापलेला भाग टिपकागदावर कोरडा करून काचपट्टीवर त्याचे ठसे घेतले आणि मांडीच्या हाडातल्या मगजाचाही ठसा घेतला. यकृत बाहेर काढण्याआधी लहान आतड्याची सुरुवात उघडून पित्ताशय हलकं दाबलं. पित्त आतड्यात आलं, म्हणजे नळी मोकळी होती. हेही यकृत कापल्यावर तपासता येत नाही. यकृत फिकं होतं, बाकी काही नाही. किडन्या उभ्या चिरून आवरण सोललं, आतलं आणि बाहेरचं दोन्ही भाग येतील अशी फाक घेतली. मूत्राशयातली लघवी सुईनं ओढून ठेवली.

जठर शेवटी, दोन्ही टोकं बांधून बाहेर काढून, वेगळ्या ट्रेमध्ये आणि दवाखान्यामागच्या उघड्या ओट्यावर. याला कारण आहे. शेतात झिंक फॉस्फाइड वापरतात. जठरातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला की फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण वास घेण्यासाठी नाक कधी जवळ न्यायचं नाही. वारा पाठीमागून येईल असं उभं राहायचं. खोलीत, पंखा बंद करून जठर उघडणाऱ्यांनाच विषबाधा होऊ शकते. आमच्या ट्रेमध्ये भाकरीचे तुकडे आणि थोडा काळपट द्रव निघाला. मटण नव्हतं, उंदराच्या औषधाच्या रंगीत वडीचे कण नव्हते, कसलाही वास नव्हता.

मालक दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. “मग इख न्हाई म्हणायचं?” मी त्यांना थांबवलं, कारण या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती. ब्रोमॅडिओलोनसारखी उंदराची औषधं व्हिटॅमिन के पुन्हा वापरात आणणारं एन्झाइम अडवतात. यकृताला मग रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक नीट तयार करता येत नाहीत. अंगात आधीचे घटक असतात तोवर कुत्रा ठणठणीत दिसतो. ते संपले की रक्तस्राव सुरू होतो, साधारण खाल्ल्यापासून तीन ते पाच दिवसांनी. तोपर्यंत वडी जठरातून कधीच पुढे गेलेली असते. जठरात वडी सापडली नाही म्हणून हे विष नाही असं म्हणता येत नाही. ते यकृतात असतं आणि तिथे पुष्कळ दिवस टिकतं. जठरातल्या मालावर सगळी भिस्त ठेवून यकृत फॉर्मलिनमध्ये बुडवलं असतं, तर उत्तर कायमचं गेलं असतं.

आतडं सगळं उलगडून, मधला पडदा कापून सरळ केलं आणि मग कापलं. खालच्या भागात डांबरासारखी काळी विष्ठा होती, पचलेलं रक्त. आतड्याचा आतला थर फार लवकर कुजतो, म्हणून त्याचे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे ताबडतोब, न खरवडता, न धुता फॉर्मलिनमध्ये सोडले. मेंदू छिन्नी-हातोडीनं काढला. विजेची करवत वापरली नाही, तिनं बारीक कण हवेत उडतात. आवरणाखाली एक छोटा रक्ताचा डाग होता. अर्धा मेंदू थंड ठेवला, अर्धा फॉर्मलिनमध्ये.

शेवटी टेबलावर तीन गट झाले. फॉर्मलिनमध्ये हृदय, फुफ्फुस, यकृत, प्लीहा, दोन्ही किडन्या, अधिवृक्क ग्रंथी, लसिकाग्रंथी, आतडं आणि मेंदू यांचे तुकडे. हे कधीही गोठवायचे नाहीत. फ्रिजमध्ये स्वाब, ईडीटीए रक्त आणि थंड ठेवलेला अर्धा मेंदू. काचपट्ट्या मात्र फॉर्मलिनपासून दूर, कारण त्याच्या वाफेनंही रंग नीट चढत नाही. डीप फ्रीझरमध्ये विषतपासणीचे नमुने: यकृत १०० ग्रॅम, एक किडनी, जठरातला माल, छातीतलं रक्त, लघवी आणि चरबी. प्रत्येक वेगळ्या हवाबंद बरणीत, कुठलंही रसायन न घालता. पोलिसांमार्फत जाणाऱ्या नमुन्यांना मात्र संपृक्त मिठाचं द्रावण घालण्याची पद्धत आहे आणि त्या द्रावणाचाही वेगळा नमुना सोबत द्यावा लागतो. म्हणून कुठे पाठवायचं ते ठरवून, त्या प्रयोगशाळेला आधी फोन करूनच बरण्या भरायच्या. “विषाची तपासणी करा” एवढंच पाठवलं तर प्रयोगशाळा नेमकं काय शोधणार? आम्ही पत्रात हकिगत, निष्कर्ष आणि “रक्त गोठू न देणारी उंदीरनाशकं” असं स्पष्ट लिहिलं.

अहवालात दोन भाग वेगळे ठेवले. निरीक्षणांत फक्त दिसलेलं: “छातीच्या पोकळीत सुमारे ७०० मिली न गोठलेलं रक्त”, “उजव्या हृदयकप्प्यात गुठळी नाही”, “महाधमनीचा आतला थर गुळगुळीत”. अनुमान त्याखाली: सर्वदूर रक्तस्राव, रक्त गोठण्यातला बिघाड, रक्त गोठू न देणाऱ्या उंदीरनाशकाचा दाट संशय, प्रयोगशाळेच्या निष्कर्षाच्या अधीन. कुणी घातलं याबद्दल एक शब्दही नाही. ते शवविच्छेदनातून दिसत नाही.

निकालाला वेळ लागणार होता, पण घरातली कुत्री थांबू शकत नव्हती. ती त्याच संध्याकाळी आणवली. वरवर चांगली होती. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत, खुणेपर्यंत बरोबर भरून, तिचं रक्त घेतलं आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी प्रोथ्रॉम्बिन टाइम ही तपासणी करायला शहरातल्या माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवलं. कुत्र्याचा हा वेळ माणसापेक्षा कमी असतो, त्यामुळे माणसाच्या तक्त्याशी तुलना केली तर बिघडलेलं रक्त चांगलं वाटू शकतं. म्हणून सोबत दवाखान्यातल्या एका निरोगी कुत्र्याचंही रक्त पाठवलं. कुत्रीचा वेळ त्याच्या दुपटीहून जास्त आला. व्हिटॅमिन के-१ लगेच सुरू केलं, दर किलोला रोज ५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, तोंडावाटे, तूप लावलेल्या भाकरीसोबत, कारण स्निग्ध अन्नाबरोबर ते चांगलं शोषलं जातं. ते चार आठवडे द्यायचं आणि बंद केल्यावर ४८ ते ७२ तासांनी प्रोथ्रॉम्बिन टाइम पुन्हा बघायचा. व्हिटॅमिन केचा के-३ हा दुसरा प्रकार इथे चालत नाही, हे मालकांना मी कागदावर लिहून दिलं.

शव खोल खड्ड्यात, विहिरीपासून दूर पुरायला सांगितलं. उघड्यावर टाकलं असतं तर तेच यकृत दुसऱ्या कुत्र्यानं किंवा घारीनं खाल्लं असतं.

काही आठवड्यांनी यकृताचा अहवाल आला: ब्रोमॅडिओलोन आढळलं. ठशांत गोचीडतापाचे जंतू दिसले नव्हते, स्वाबमध्येही काही वाढलं नव्हतं. मालकांनी गुऱ्हाळावर पुन्हा चौकशी केली तेव्हा गुळाच्या खोलीत उंदरांसाठी ठेवलेल्या निळ्या वड्यांचं पाकीट निघालं, एका कामगारानं बाजारातून आणलेलं. दोन्ही कुत्र्यांनी वडी खाल्ली की मेलेला उंदीर, हे अहवाल सांगू शकत नाही. यकृतातलं विष दोन्ही मार्गांनी सारखंच दिसतं. वड्या आता बंद पेटीत ठेवल्या आहेत, पकडलेले आणि मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून पुरतात. कुत्रीची के-१ ची गोळी बंद केली आणि त्यानंतर बघितलेला तिचा शेवटचा प्रोथ्रॉम्बिन टाइम निरोगी कुत्र्याएवढा आला.